एका माणसाच्या मृत्यूच्या चार तारखा: बार्देशच्या एका नोंदीचा उलगडा

प्रश्न : आम्ही सावंतवाडीचे ख्रिस्ती. माझे पणजोबा बार्देशातल्या मूळ घरी 1938 साली वारले. चर्चच्या पुस्तकात 2 जुलै आहे, थडग्यावरच्या दगडावर 3 जुलै, नोंदणी कचेरीतल्या नोंदीवर 4 जुलै, आणि एका जुन्या पोर्तुगीज दैनिकाच्या 6 जुलैच्या अंकात ते ‘परवा’ वारले असे छापले आहे. मला पोर्तुगीज वाचता येत नाही. नोंदींचे फोटो जोडले आहेत. यातली खरी तारीख कोणती? वारसांच्या कागदात कोणती लिहू?

उत्तर : फोटो नीट आले आहेत, अक्षरही सुवाच्य आहे. तीसेक वर्षे मी म्हापशात अशा जुन्या पोर्तुगीज नोंदींची भाषांतरे करतो आहे, आणि ‘तारखा जुळत नाहीत’ ही तक्रार घेऊन येणाऱ्यांत निम्म्यांचे कागद खरे तर जुळत असतात. तुमचेही बहुतांशी जुळतात. या चार कागदांपैकी प्रत्येकाने आपापल्या कामाची तारीख लिहिली आहे. पाद्रीला प्रेत कधी पुरले याची नोंद हवी होती, कचेरीला माणूस वर्दी द्यायला कधी आला याची, आणि वर्तमानपत्राला बातमी कधी आली याची. मृत्यूची वेळ या सगळ्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळली. म्हणून नुसत्या तारखेकडे न बघता आधी ती कुठल्या क्रियापदाला चिकटली आहे ते बघायचे.

कचेरीच्या नोंदीपासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त घोटाळा तिथेच होतो. पोर्तुगीज काळातली मृत्यूची दिवाणी नोंद ठरावीक साच्यात लिहिलेली असते. पहिली ओळ ‘आओस’ या शब्दाने सुरू होते, म्हणजे ‘अमुक तारखेला’. तुमच्या नोंदीत तिथे अक्षरी ‘क्वात्रु’ आहे, म्हणजे चार, आणि पुढे जुलै महिना व वर्ष. वाचणारा इथेच थांबतो आणि ‘4 जुलैला वारले’ असे टिपून घेतो. पण हे वाक्य अजून पुरे झालेले नसते. पुढे ‘या कचेरीत माझ्यासमोर अमुक हजर झाला आणि त्याने सांगितले की’ असा मजकूर येतो. म्हणजे 4 जुलै हा वर्दी देणारा कचेरीत उभा होता तो दिवस. ते वर्दी देणारे कोण, तेही लिहिले आहे. ‘सोब्रिन्यु’, म्हणजे पुतण्या किंवा भाचा, आणि राहायला त्याच घरात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मृत्यूची तारीख चौथ्या ओळीत आहे. ‘पेला ऊमा ओरा दा माद्रुगादा दु दीया त्रेस दु कोर्रेन्ते मेस’. मराठीत सांगायचे तर ‘चालू महिन्याच्या तीन तारखेला उत्तररात्री एक वाजता’. म्हणजे कचेरीच्या नोंदीप्रमाणे पणजोबा 3 जुलैला गेले, 4 ला नव्हे. 1938 सालची 3 जुलै हा रविवार होता. वर्दी सोमवारी, कचेरी उघडल्यावर दिली गेली.

या ‘कोर्रेन्ते’ शब्दाशी थोडे थांबतो, कारण तो दुसऱ्या कुणाला तरी फसवेल. ‘चालू महिना’ म्हणजे वरच्या ओळीत लिहिलेला महिना. पण माणूस 29 जूनला जाऊन वर्दी 4 जुलैला दिली असती, तर कारकुनाने ‘प्रोक्सिमु पासादु’ असे लिहिले असते, म्हणजे ‘मागील महिन्याच्या’. कधी त्याचे नुसते दोन ‘प’ करतात. ती दोन अक्षरे सुटली तर मृत्यू सरळ एक महिना पुढे जातो, आणि मग माणूस वर्दी दिल्यानंतर मेला असला विचित्र हिशेब हाती येतो. असे दिसले की लेखनिकाला दोष देण्याआधी ती दोन अक्षरे शोधा.

आपण वरची तारीख बरोबर ओळखली की नाही, याची खात्री करायला एक साधी युक्ती आहे. पुस्तकातली आधीची आणि नंतरची नोंद बघायची. तुम्ही पूर्ण पानाचा फोटो काढलात, फार चांगले केलेत. तुमच्या नोंदीच्या खाली आणखी एक नोंद आहे, दुसऱ्या गावच्या बाईची. तिच्याही पहिल्या ओळीत 4 जुलै आहे, पण आत मृत्यूचा दिवस 1 जुलै लिहिला आहे. वरच्या तारखा ओळीने चढत जातात आणि आतल्या मागेपुढे होतात. असे दिसले की समजावे, पुस्तक वर्दीच्या क्रमाने लिहिले आहे.

आता चर्चचे पुस्तक. पाद्रीच्या नोंदी कचेरीइतक्या एकसारख्या नसतात, कारण विगार बदलला की लिहिण्याची पद्धतही बदलते. काही विगार ‘आओस’च्या पुढे मृत्यूचा दिवस लिहीत, काही नोंद लिहिली तो दिवस. हे ओळखण्याची खूण नोंदीच्या शेवटी सापडते. शेवटी ‘एरा उत सुप्रा’ असे असेल तर त्याचा अर्थ ‘दिनांक वरीलप्रमाणे’. म्हणजे वरची तारीख ही सहीची, लिहिण्याची तारीख, आणि मृत्यूचा दिवस मजकुरात वेगळा शोधायचा. तुमच्या नोंदीत तसे काही नाही. तिथे ‘दोन जुलैला’ या शब्दांना थेट ‘फालेसेउ’ जोडले आहे, म्हणजे ‘वारला’. आणि पुढे ‘नु दीया सेगिन्ते फॉय सेपुल्तादु’, म्हणजे ‘दुसऱ्या दिवशी पुरला गेला’.

म्हणजे चर्चच्या पुस्तकात दोन तारखा आहेत. मृत्यूची 2 आणि दफनाची 3. दफनाच्या तारखेवर मी या सर्व कागदांत सर्वांत जास्त विश्वास ठेवतो. त्या कामाला विगार स्वतः हजर असतो, कुणी येऊन सांगण्याची गरज नसते. त्या काळात घरात प्रेत राखून ठेवायची सोय नव्हती आणि जुलैचा पाऊस कोसळत होता, तेव्हा रात्री गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी सिमितेरात पोचणे हीच रीत होती. रविवार होता, मिस्सेला सगळा गाव चर्चमध्ये जमलेलाच असणार.

दगडावरच्या 3 जुलैचे तेवढे नक्की सांगता येत नाही. तुमच्या फोटोत तारखेच्या आधी फक्त क्रूस कोरला आहे, ‘फालेसेउ’ हा शब्द नाही. त्यामुळे ती मृत्यूची तारीख असेल किंवा दफनाची. थडग्यावरचा दगड सहसा नंतर बसवतात, कधी वर्षाने, कधी मुंबईहून वा आफ्रिकेतून मुलगा परतला की, आणि तारीख घरच्यांच्या आठवणीतून किंवा एखाद्या कागदावरून सांगितली जाते. गोव्यात जागा कमी म्हणून थडगी पुन्हा वापरतात, काही वर्षांनी हाडे काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. त्या वेळी नवी पाटी बसवली असेल तर ती आणखी एका पिढीच्या आठवणीतून आलेली असते. म्हणून दगड हा मी साक्षीदार मानतो, पण मुख्य साक्षीदार नव्हे.

वर्तमानपत्राचे कोडे सर्वांत सोपे आहे, आणि लोक सर्वांत जास्त तिथेच चुकतात. अंक 6 जुलैचा, बातमीत ‘आन्तेओन्तेय’, म्हणजे परवा. सहातून दोन वजा केले की 4 जुलै येते, आणि ती कचेरीच्या पहिल्या ओळीशी जुळते, म्हणून तुम्हाला 4 च खरी वाटली असावी. पण बातमीच्या सुरुवातीला बारीक अक्षरात गावाचे नाव आणि पुढे ‘4’ असा आकडा आहे, तो बघा. ती बातमीदाराने पत्र लिहिल्याची तारीख. गावोगावचे बातमीदार पत्र लिहून पाठवत, ते पणजीला पोचून छापून यायला एकदोन दिवस जात, आणि संपादक ‘काल’, ‘परवा’ हे शब्द तसेच ठेवी. परवा मोजायचा तो पत्राच्या तारखेपासून. 4 मधून दोन गेले की 2 जुलै. म्हणजे वर्तमानपत्र चर्चच्या बाजूला जाऊन बसते.

आता कागद असे उभे राहतात. दफन 3 जुलै, यावर वाद नाही. वर्दी 4 जुलै, यावरही नाही. छापील बातमी 6 ची, पत्र 4 चे. खरा मतभेद एकाच ठिकाणी उरतो. मृत्यू 2 ला की 3 ला? आणि तो मतभेदही एका तासाचा आहे. पुतण्या म्हणतो ‘रविवारी उत्तररात्री एक वाजता’. विगार आणि बातमीदार म्हणतात ‘शनिवारी’.

माझ्या मते दोघेही एकाच रात्रीबद्दल बोलत आहेत. मध्यरात्री तारीख बदलते हे घड्याळाला कळते, आजाऱ्याच्या खाटेजवळ बसलेल्या माणसाला नाही. त्याच्या लेखी पहाट होईपर्यंत शनिवारचीच रात्र असते. सकाळी चर्चमध्ये निरोप गेला असेल तो ‘काल रात्री गेले’ असाच, आणि विगाराने काल म्हणजे 2 असे लिहिले. तिसऱ्या दिवशी कचेरीत मात्र कारकुनाने ‘किती वाजता?’ असे विचारले, कारण साच्यात तासाची जागा होती. तास सांगावा लागला आणि तारीख आपोआप 3 झाली.

आम्हा हिंदूंच्या घरातही हेच होते, फक्त आमच्याकडे ते अधिक ठसठशीत दिसते, कारण आमचा वार मुळातच सूर्योदयाला बदलतो. माझी आजी पहाटे साडेतीनच्या सुमारास गेली. वडिलांनी रोजमेळाच्या वहीत शुक्रवार लिहिला, सरकारी दाखल्यावर शनिवारची तारीख आली, आणि श्राद्ध आम्ही तिसऱ्याच गोष्टीवर, तिथीवर करतो. तिथी तर मध्यरात्रीला बदलत नाही आणि सूर्योदयालाही नाही, ती चंद्राच्या गतीने दिवसात कधीही बदलते. भटजींनी तेव्हा वेळ विचारून पंचांगात तिथी पाहिली होती. लहानपणी मला वाटे की यातले काहीतरी एक खोटे असणार. या कामात पडल्यावर कळले की वडिलांच्या वहीतला शुक्रवार अगदी बरोबर होता, तो फक्त वेगळ्या मापाने मोजलेला होता.

तुमच्या बाबतीत निवड करायची तर मी 3 जुलै 1938 धरीन. एक, तास फक्त याच नोंदीत आहे, आणि तास सांगणाऱ्याने तारखेचा विचार केलेला असतो. दोन, सांगणारा त्याच घरात राहणारा होता. वर्दी देणारा लांबचा शेजारी किंवा चर्चचा सांक्रिस्तांव असता, तर मी इतक्या खात्रीने बोललो नसतो. अशा नोंदीत तास पुष्कळदा अंदाजाने सांगितलेला असतो, आणि मग शेजारी राहून रोज आजाऱ्याला पाहणाऱ्या विगाराचे पुस्तक मला जवळचे वाटते. तीन, 3 जुलै धरली तर बाकी सगळ्या कागदांची समजूत पटते. 2 जुलै धरली तर त्या एक वाजण्याचे काय करायचे, याला उत्तर राहत नाही.

वारसांच्या कागदात नोंदणी कचेरीच्या नोंदीतली मृत्यूची तारीख लिहायची, म्हणजे 3 जुलै. नोटरीकडे किंवा इन्व्हेंटरीच्या कामात तोच पुरावा जोडला जातो, आणि अर्जातली तारीख जोडलेल्या कागदाशी जुळली नाही तर प्रकरण परत येते. यासाठी कचेरीकडून ‘तेओर’ नक्कल मागा, म्हणजे पुस्तकातला मजकूर शब्दशः उतरवलेली. थोडक्यात गोषवारा असलेली नक्कल घेऊ नका. गोषवाऱ्यात कारकून तारखा आपल्या समजुतीने वेगळ्या काढतो, आणि वरची ओळच मृत्यूची म्हणून उतरलेली मी एकदा नव्हे, बऱ्याचदा पाहिली आहे. एका कुटुंबाची सगळी कागदपत्रे त्यामुळे पाच दिवसांच्या फरकाने तयार झाली होती. ते निस्तरायला त्यांना मूळ पुस्तकापासून परत सुरुवात करावी लागली.

बहुतेक वेळा एका दिवसाच्या फरकाने वारसाहक्क बदलत नाही. पण त्याच सुमारास घरातले दुसरे कुणी गेले असेल, पत्नी, भाऊ, मुलगा, तर आधी कोण गेले यावर वाटे ठरतात. साथीच्या वर्षांत असे होत असे. तुमच्या कागदांत 1938 च्या जूनजुलैतला दुसरा मृत्यू दिसत नाही. कुटुंबाच्या आठवणीत असा कुणी असेल, तर त्याचीही नोंद काढून तास बघा.

वंशावळीत मात्र एकच तारीख ठेवून बाकीच्या पुसून टाकू नका. मी माझ्या वहीत असे लिहितो: ‘मृत्यू 3 जुलै 1938, उत्तररात्री एक, पुतण्याची वर्दी, नोंद 4 जुलै. चर्चच्या पुस्तकात 2 जुलै, दफन 3 जुलै. बातमी 6 जुलैच्या अंकात, पत्र 4 चे.’ तुमच्यानंतर कुणी फक्त चर्चचे पुस्तक पाहिले, तर त्याला हा दुसराच माणूस आहे असे वाटणार नाही. एकाच गावात एकाच नावाचे दोघे असणे बार्देशात अगदी रोजचे आहे, तिथे ही एक ओळ फार गोंधळ वाचवते.

तुमच्यासारखेच प्रश्न आजच्या मृत्यूंबद्दलही येतात, म्हणून थोडे सांगतो. आज अंतर कितीतरी वाढले आहे. मुलगा कुवेतहून किंवा कॅनडातून येईपर्यंत प्रेत शवागारात ठेवतात, त्यामुळे मृत्यू आणि दफन यांत चारपाच दिवस सहज जातात. वर्तमानपत्रातल्या निवेदनात ठळक अक्षरात असतो तो अंत्यविधीचा दिवस, कारण लोकांना यायचे असते. मृत्यूचा दिवस कधीकधी छापलाच जात नाही. महिन्याच्या मिस्सेच्या निवेदनावरून उलटे तीस दिवस मोजून मृत्यूचा दिवस काढायचा प्रयत्न करू नका. कुणी मृत्यूपासून मोजतात, कुणी दफनापासून, आणि पुष्कळदा पाहुण्यांच्या सोयीचा रविवार बघतात. सरकारी दाखल्यावर मृत्यूची, नोंदणीची आणि दाखला दिल्याची अशा तीन तारखा असतात. कायद्याने नोंदणीला 21 दिवसांची मुदत आहे, तेव्हा पहिल्या दोनांत तितके अंतर दिसले तर घाबरू नका. आणि नोंद मृत्यू जिथे झाला तिथल्या हद्दीत होते. माणूस बांबोळीच्या इस्पितळात गेला आणि पुरला काणकोणात, तर काणकोणच्या पंचायतीत शोधून काही मिळणार नाही.

प्रेत हलवले गेले की दफनाच्या तारखाही एकाहून अधिक होतात. याचे आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण जुन्या गोव्यात आहे. सेंट फ्रान्सिस झेवियर चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर डिसेंबर 1552 मध्ये वारले, सण 3 डिसेंबरचा, पण जुन्या लिखाणात 2 डिसेंबरही सापडते. आधी त्याच बेटावर पुरले, 1553 मध्ये तिथून काढून मलाक्कात पुरले, आणि 1554 च्या मार्चमध्ये देह गोव्यात आला. म्हणून ‘दफन’ हा शब्द दिसला की कितवे, हे विचारायचे. तुमच्या पणजोबांची हाडे नंतर कोनाड्यात हलवली असतील तर चर्चकडे त्याचीही टिपण असू शकते. विगारांना एकदा विचारून बघा, त्या दगडाचे वयही तिथेच कळेल.

एक गोष्ट तुमच्या फोटोत दिसत नाही. पानाची डावी कड कापली गेली आहे, आणि कचेरीच्या नोंदींत समास फार महत्त्वाचा असतो. नंतर कुणी अर्ज करून नोंदीत दुरुस्ती करून घेतली, तर मूळ मजकूर तसाच ठेवून ती दुरुस्ती समासात लिहीत, त्याला ‘आवेर्बामेन्तु’ म्हणतात. तिथे तारखेबद्दल काही लिहिले असेल तर माझे वरचे मत बदलेल. तेओर नक्कल मागताना समासातल्या टिपांसह हवी असे अर्जात स्पष्ट लिहा, आणि पुन्हा फोटो काढाल तेव्हा पानाची डावी कड पूर्ण येऊ द्या.